क्लासमध्ये मुलाला त्रास होतोय आणि तिथे कमिटीच नाही, मग जायचं कुणाकडे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

माझ्या भाच्याच्या बाबतीत हे सगळं झालं तेव्हा मी आणि ताई आठवडाभर नुसते इकडून तिकडे फिरत होतो, शाळेत गेलो तर म्हणाले क्लासचं आम्ही काय करणार, क्लासवाले म्हणाले आमच्याकडे अशी काही समिती नसते. नंतर कायदा वाचला, एका वकील मैत्रिणीला विचारलं, पोलिस स्टेशनला बसून शिकलो. तेव्हापासून ओळखीतले बरेच पालक हेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. हे महाराष्ट्रापुरतं आहे कारण मुख्य कायदा राज्याचा आहे, बाहेरच्या राज्यात तो लागत नाही.

क्लास म्हणजे शाळा नाही, कॉलेज नाही. मग रॅगिंगचा कायदा तिथे लागतो का?

लागतो, आणि हीच गोष्ट बहुतेक पालकांना आणि खरं सांगायचं तर बहुतेक क्लासवाल्यांनाही माहीत नसते. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ सालचा आहे. त्यात शैक्षणिक संस्थेची व्याख्या खूप रुंद केलीय, कोणत्याही नावाने ओळखली जाणारी आणि शिकवण्याचं काम करणारी संस्था त्यात येते, आणि वसतिगृह, बोर्डिंग यांच्यासोबत ट्युटोरियल संस्था हा शब्दसुद्धा त्यात सरळ लिहिलेला आहे. म्हणजे "आम्ही तर प्रायव्हेट क्लास, आम्हाला हे लागू नाही" असं कुणी म्हणालं की त्यांना व्याख्येचं कलम वाचायला सांगायचं, कलम २.

रॅगिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हॉस्टेल आणि सिनियर पोरं येतात पण कायद्यात सिनियर ज्युनियर असा फरकच नाही. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती वाटेल, लाज वाटेल, अवघडल्यासारखं होईल असं वागणं म्हणजे रॅगिंग. चिडवणं, शिव्या देणं, धमकावणं, मस्करीच्या नावाखाली त्रास देणं, मारणं, आणि जे तो मुलगा एरवी आपणहून करणार नाही ते त्याच्याकडून करून घेणं, हे सगळं त्यात आलं. संस्थेच्या आत किंवा बाहेर, दोन्हीकडे बंदी आहे, त्यामुळे "गेटच्या बाहेर झालं, आमची जबाबदारी नाही" हेही चालत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

कमिटी नाही तर तक्रार घेणार कोण?

या कायद्याला कमिटी लागतच नाही, म्हणून तर तो क्लाससाठी कामाचा आहे. तक्रार संस्थेच्या प्रमुखाकडे करायची. क्लासमध्ये प्रमुख म्हणजे मालक किंवा संचालक, मोठ्या ब्रँडची शाखा असेल तर सेंटर हेड. रिसेप्शनवरची मॅडम नाही, बॅच कोऑर्डिनेटर नाही, व्हॉट्सॲपवरचे लाडके सर पण नाही.

तक्रार लेखी हवी. विद्यार्थी स्वतः देऊ शकतो, आईवडील किंवा पालक देऊ शकतात, एखादे शिक्षकही देऊ शकतात. ती मिळाली की प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते, आणि प्रथमदर्शनी खरं वाटलं तर त्रास देणाऱ्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच त्या हद्दीतल्या पोलिस स्टेशनला पाठवायची असते. हे त्यांच्या मर्जीवर नाहीये. चौकशीच केली नाही, दाबून ठेवली, तर कलम ७ प्रमाणे प्रमुखाने रॅगिंगला मदत केली असं धरलं जातं आणि शिक्षा त्यालाही तीच. हे वाक्य पत्रात टाकलं की बोलण्याचा सूर बदलतो, आमच्याकडे तर दोन तासांत बदलला.

उलट बाजूही सांगतो. चौकशीत काही आढळलं नाही तर प्रमुखाने तसं लेखी कळवायचं असतं. त्यामुळे प्रत्येक तक्रारीवर निलंबन होईलच असं मनात धरून जाऊ नका, पण उत्तर मिळणं हा तुमचा हक्क आहे.

तोंडी सांगून भागत नाही का? उगाच वातावरण बिघडतं.

आम्हीही आधी तोंडीच सांगितलं होतं. भाचा अकरावीत, बोलताना थोडा अडखळतो, विशेषतः 'प' आणि 'ब' ला. डाउट सेशनला त्याने हात वर केला की मागच्या बाकावरचे तिघे त्याची नक्कल करायचे, मग त्याचा फोटो काढून त्याचं स्टिकर केलं, बॅचच्या ग्रुपवर कुणी काही विचारलं की उत्तर म्हणून ते स्टिकर पडायचं. नंतर गोष्ट वाढली, तिघांच्या असाइनमेंट याने लिहायच्या असं ठरलं, नाही लिहिलं तर पार्किंगमध्ये सायकलची हवा. घरी त्याने यातलं काहीच सांगितलं नाही. आम्हाला दिसलं ते इतकंच की रविवारच्या टेस्टला सकाळी पोट दुखायचं आणि त्याच्या वहीत तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांची वळणं यायला लागली, कारण तो तिघांसारखं लिहायची प्रॅक्टिस करत होता! ताईने ती वही बघितली तेव्हा कळलं.

ताई सरांना फोन करून बोलली. सर म्हणाले "पोरं आहेत, मस्करी करतात, मी बोलतो." सरांनी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं की अमुकच्या आईची तक्रार आलीय, कुणी त्याला त्रास देऊ नका. दुसऱ्या दिवशी स्टिकरखाली "आईचा फोन येईल" अशी ओळ जोडलेली होती. तोंडी तक्रारीचा हा धोका असतो, सात दिवसांची मुदत सुरू होत नाही आणि मुलगा मात्र उघडा पडतो. म्हणून लेखी द्या, आणि पत्रातच लिहा की मुलाचं नाव वर्गात घेऊ नये आणि त्याला त्या मुलांसमोर बसवून विचारपूस करू नये.

पत्रात नेमकं काय लिहायचं?

फार मोठं नको. राग काढायला वेगळा कागद घ्या, खरंच सांगतो, आमचं पहिलं पत्र चार पानांचं होतं आणि त्यात घटना दोनच होत्या. शेवटी दिलं ते साधारण असं होतं:

"प्रति, संचालक. विषय: महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९, कलम ६ नुसार लेखी तक्रार. माझा मुलगा आपल्या अकरावीच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये शिकतो. गेल्या दोन महिन्यांपासून बॅचमधील तीन विद्यार्थी (नावं खाली दिली आहेत) त्याच्या बोलण्याची वर्गात नक्कल करतात, त्याच्या फोटोचं स्टिकर करून बॅचच्या ग्रुपवर टाकतात आणि स्वतःच्या असाइनमेंट त्याच्याकडून लिहून घेतात. घटनांच्या तारखा, ठिकाण आणि त्या वेळी हजर असलेले शिक्षक यांची यादी सोबत जोडली आहे. स्क्रीनशॉटच्या प्रती जोडल्या आहेत. पार्किंग आणि दुसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजचं या तारखांचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं. कायद्यानुसार सात दिवसांत चौकशी करून लेखी कळवावं. चौकशीत मुलाचं नाव वर्गात जाहीर करू नये."

सीसीटीव्हीचं वाक्य विसरू नका. रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवीन चढतं, त्यामुळे मागणी पहिल्याच पत्रात हवी. तुम्हाला ते फुटेज हातात देतील असं नाही, पण जपून ठेवा असं लेखी सांगितल्यावर नंतर "उडालं" म्हणणं त्यांना अवघड जातं आणि पोलिस मागू शकतात.

दोन प्रती न्या, एकीवर तारीख, सही, शिक्का घेऊन पोच घ्या. पोच देत नसतील तर वाद घालू नका, बाहेर येऊन तेच पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि क्लासच्या अधिकृत ईमेलवर पण टाका. स्पीड पोस्टची पावती हीच पोच.

पुरावा काय धरतात? स्क्रीनशॉट पुरतो का?

सुरुवातीला पुरतो, पण मूळ चॅट डिलीट करू नका आणि तो फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. पुढे प्रकरण कोर्टापर्यंत गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ मोबाईलवरून द्यायला सोपं जातं. स्क्रीनशॉट काढताना वरची तारीख आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसू दे, नुसता मेसेजचा तुकडा कापून घेतला की समोरचा म्हणतो हे मी पाठवलंच नाही. ग्रुपमधून रागाने बाहेर पडायच्या आधी चॅट एक्स्पोर्ट करून घ्या.

बाकी एक साधी वही. तारीख, वेळ, कुठे, कोण होतं, काय म्हणाले ते जसंच्या तसं. मारलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, शक्यतो सरकारी दवाखान्यात, आणि केसपेपरवर मुलाने सांगितलेलं कारण लिहून घ्यायला सांगा.

मुलाला चोरून रेकॉर्डिंग करायला पाठवू नका. ते करताना पकडला गेला तर मार तोच खातो.

सात दिवस झाले, काहीच हललं नाही. आता?

आता पोलिस स्टेशन, क्लास ज्या हद्दीत आहे तिथलं. आत गेल्यावर ठाणे अंमलदाराच्या टेबलावर सगळी कहाणी सांगत बसण्यापेक्षा "बाल कल्याण पोलिस अधिकारी कोण आहेत?" असं विचारा. बाल न्याय कायद्याने प्रत्येक पोलिस स्टेशनला असा एक अधिकारी नेमलेला असतो, मुलांशी नीट वागायचं प्रशिक्षण त्याला असावं लागतं आणि तो मुलांशी बोलताना गणवेशात नसावा अशी अपेक्षा असते. ताई गेली तेव्हा पुढच्या टेबलावरचे हवालदार म्हणाले "मॅडम, पोरांची भांडणं, घरी मिटवा", आणि हाच प्रश्न विचारल्यावर त्यांनी आतल्या मॅडमकडे पाठवलं. त्या मॅडमनी क्लासच्या पत्राची पोच पाहिली, तारीख मोजली आणि स्वतः क्लासला फोन लावला.

सोबत न्यायचं ते असं: क्लासला दिलेल्या पत्राची पोच, घटनांची यादी, स्क्रीनशॉटच्या प्रती, मुलाचा वयाचा पुरावा आणि क्लासची फी पावती. लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक नंबर घ्या.

पोलिसांनी घेतलंच नाही तर तोच अर्ज पोस्टाने पोलिस अधीक्षकांकडे पाठवायचा, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलिस उपायुक्तांकडे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही वाट दिलेली आहे, त्यानंतरही काही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, तिथे मात्र वकील घ्या.

सात दिवस थांबायलाच हवं का?

नाही नाही. मारहाण, पैसे उकळणं, कपडे काढायला लावणं, नको तिथे हात लावणं, नागडे फोटो, जीवे मारायची धमकी, यातलं काहीही असेल तर क्लासला विचारायचंच नाही, थेट पोलिस, रात्र असेल तर ११२. मुलगा मुलगी अठराच्या आतले असतील आणि लैंगिक प्रकार असेल तर पोक्सो लागतो, त्यात मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. क्लासच्या प्रमुखाला अशी गोष्ट कळूनही त्याने पोलिसांना सांगितलं नाही तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे "आमच्या लेव्हलला मिटवतो" हे वाक्य तिथे कुणी ऐकूनही घेऊ नये.

जातीवरून बोलत असतील तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. पोलिसांना शब्द जसेच्या तसे सांगा, लाज वाटली तरी. "जातीवाचक बोलले" एवढंच लिहिलं की केस पातळ होते. कोणासमोर बोलले, किती जण हजर होते, हे त्यात फार महत्त्वाचं असतं.

त्रास देणाराही लहान आहे. तक्रार केली तर त्याचं आयुष्य बरबाद होईल ना?

हा प्रश्न ताईने मला रात्री दीड वाजता विचारला होता आणि मला वाटतं याच भीतीने निम्मे पालक गप्प बसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

अठराच्या आतल्या मुलाला मोठ्यांसारखं कोर्टात उभं करत नाहीत, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. बाल न्यायाच्या नियमांप्रमाणे गुन्हा अतिगंभीर असेल किंवा मोठ्या माणसांबरोबर मिळून केला असेल तरच एफआयआर होतो, बाकी प्रकरणांत पोलिस स्टेशन डायरीत नोंद घेतात, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल करतात आणि मंडळाकडे पाठवतात. मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, पालकांना जबाबदार धरू शकतं. आणि त्या नोंदीमुळे पुढे नोकरीला, ॲडमिशनला अपात्र ठरवता येत नाही असं कायद्यात सरळ लिहिलंय (सोळा ते अठरामधल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल तर नियम वेगळे, पण नक्कल, स्टिकर, असाइनमेंट हे त्यात येत नाही).

म्हणजे तुमच्या तक्रारीने त्या मुलाला बेड्या पडत नाहीत. त्याच्या घरी कळतं, आणि खूपदा त्या घरी खरंच काही माहीत नसतं. आमच्या तिघांपैकी एकाचे वडील पोलिस स्टेशनला मान खाली घालून बसले होते, त्यांना मुलाच्या असाइनमेंट दुसराच कुणी लिहितो हे तिथेच कळलं.

सरच अपमान करत असतील तर? तक्रार सरांकडेच कशी करणार?

सर नोकरीला असतील तर मालकाकडे लेखी. मालक आणि सर एकच असतील, जे छोट्या क्लासमध्ये नेहमीचं आहे, तर क्लास सोडून बाहेर जा. अठराच्या आतल्या मुलाचा ज्याच्याकडे ताबा किंवा जबाबदारी आहे त्याने मुलाला मारलं, छळलं, मानसिक त्रास होईल असं वागवलं तर बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. तिथेही तोच बाल कल्याण पोलिस अधिकारी.

मार्क मोठ्याने वाचून टोमणे मारणं, मार्कांवरून बॅच पाडून खालच्या बॅचला "भंगार" म्हणणं हे क्लासमध्ये इतकं रुळलंय की पालकही त्याला शिस्त समजतात. सुप्रीम कोर्टाने २५ जुलै २०२५ ला सुकदेब साहा प्रकरणात सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी, कोचिंग सेंटर धरून, मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूवरून ते प्रकरण आलं होतं. त्यात मार्कांवरून बॅच वेगळ्या पाडणं आणि चारचौघांत लाज काढणं टाळा असं स्पष्ट सांगितलंय. छळ, रॅगिंग, बुलिंग यांची गोपनीय तक्रार घेणारी अंतर्गत समिती किंवा एक नेमलेली व्यक्ती हवी आणि शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक हवा हेही आहे. म्हणून "आमच्याकडे कमिटी नसते" हे उत्तर आता कारण होऊ शकत नाही, ती त्यांची त्रुटी आहे, आणि पत्रात तसं लिहा. जिल्ह्यात या सूचनांवर लक्ष ठेवायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी असंही त्यात आहे, म्हणून पत्राची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात द्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिथे लोकशाही दिन असतो, मात्र तिथे मांडायची तक्रार ठरलेल्या नमुन्यात आधी द्यावी लागते, तेव्हा चौकशी करूनच जा.

पोलिस नकोच वाटतात. दुसरं कोण आहे?

१०९८, चाइल्ड हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास, मुलगा स्वतः फोन करू शकतो आणि शेजारी, शिक्षक, क्लासमधला मित्र पण करू शकतो. त्यांच्यामार्फत जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा बाल कल्याण समितीपर्यंत गोष्ट जाते.

दुसरं म्हणजे महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. अर्जाला फी नाही, वकील लागत नाही, पोस्टाने पाठवता येतो. आयोग शिक्षा देत नाही हे लक्षात ठेवा, पण तो क्लासला आणि पोलिसांना अहवाल मागू शकतो, माणसं आणि कागदपत्रं बोलावण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार त्याला आहेत आणि सरकारला शिफारस करू शकतो. मला विचाराल तर पोलिस स्टेशनला अर्ज देऊन महिना झाला आणि काही कळत नाही, तेव्हा आयोगाचा खरा उपयोग होतो. पहिल्याच दिवशी सगळीकडे एकदम पाठवलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलं तर?

साध्या प्रायव्हेट क्लाससाठी गेलात तर बहुतेक वेळा "आमच्या अखत्यारीत नाही" हेच ऐकाल. पण एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. तुमचा क्लास इंटिग्रेटेड असेल, म्हणजे ॲडमिशन एका ज्युनियर कॉलेजात आणि शिकवणी क्लासची, तर मुलगा कागदोपत्री त्या कॉलेजचा विद्यार्थी आहे. मग प्राचार्यांना तेच पत्र द्या. शाळा आणि ज्युनियर कॉलेजला तक्रार पेटी आणि सखी सावित्री समितीसारख्या व्यवस्था ठेवाव्या लागतात आणि तिथे शिक्षणाधिकाऱ्यांचं, उपसंचालकांचं ऐकावं लागतं. फी पावती एकदा नीट वाचा, दोन नावांच्या पावत्या असतात त्या याचसाठी.

आणि १८००-१८०-५५२२ ही यूजीसीची रॅगिंग हेल्पलाइन कॉलेज-विद्यापीठांसाठी आहे, क्लाससाठी नाही. तिथे फोन करून बरेच जण वेळ घालवतात.

मुलगी आहे आणि क्लासमधला कर्मचारी किंवा सर घाणेरडं बोलतात, मेसेज करतात.

अठराच्या आत असेल तर वर लिहिलं तसं पोक्सो, थेट पोलिस. अठराच्या वर असेल, म्हणजे रिपीटर, स्पर्धा परीक्षा, सीए वगैरे, तर पोलिसांसोबत जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणांसाठी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, ही समिती असते. तक्रार करणारी तिथे नोकरीलाच हवी असं नाही. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायचं. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळतो.

स्पर्धा परीक्षेचा क्लास, वय बावीस. बाल हक्क वगैरे तर लागणार नाही.

बरोबर, १०९८, बाल कल्याण अधिकारी, आयोग हे सगळं अठरापर्यंतच. पण १९९९ च्या कायद्यात विद्यार्थ्याच्या वयाची अट नाही, त्यामुळे संचालकांना कलम ६ चं पत्र आणि सात दिवस हे तुम्हालाही तसंच. फरक इतका की त्रास देणाराही सज्ञान असेल तर त्याच्यावर नेहमीसारखी फौजदारी कारवाई होते.

सगळं ऑनलाइन ग्रुपवर चालतं, क्लास म्हणतो ग्रुप आमचा नाही.

ॲडमिन कोण आहे ते बघा, क्लासचा नंबर असेल तर विषय संपला. मुलांनी बनवलेला असला तरी कायद्यात संस्थेबाहेरचंही येतं म्हणून पत्र द्याच. शिवाय cybercrime.gov.in वर तक्रार टाकता येते. उघडेनागडे किंवा तसे बनवलेले फोटो असतील तर त्या ॲपवर स्वतः रिपोर्ट करा, कंपनीने ते ठरलेल्या मुदतीत काढायला हवेत. पण आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट.

क्लास सोडायचाय, फी अडकलीय.

केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंग सेंटर मार्गदर्शक सूचनांमध्ये मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी असं आहे. सूचना राज्यांनी अंमलात आणायच्या आहेत त्यामुळे क्लासवाले हात वर करतात, पण लेखी मागणीत त्याचा उल्लेख करा. नाही दिली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, त्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. त्रासाची तक्रार आणि फीची तक्रार एकाच पत्रात लिहू नका. एकत्र लिहिली की क्लासवाले म्हणतात हे सगळं पैशासाठी चाललंय.

घरी शिकवणाऱ्या बाईंकडे दहा मुलं येतात, तिथे पण हेच सगळं?

तिथे मी आधी बाईंशी बसून बोलेन, मग त्या मुलाच्या घरी, शक्यतो बाईंसमोर. पत्र आणि कलमं नंतर. अशा ठिकाणी बाईंना खरंच दिसलेलं नसतं, त्या स्वयंपाकघर आणि फळा यांच्यामध्ये असतात. मारहाण असेल तर मात्र घर काय आणि क्लास काय, पोलिसच.

मुलगा म्हणतो तक्रार करू नका, नाहीतर मी बोलणारच नाही तुमच्याशी.

भाचाही हेच म्हणाला. आम्ही त्याला पत्र वाचायला दिलं आणि सांगितलं की तुला नको असलेली ओळ खोड. त्याने सायकलच्या हवेची ओळ खोडली, त्याला ती सगळ्यात जास्त लागली होती म्हणून. मग ती गेली, पत्र बाकीच्यावर उभं राहिलं. चिडचिड, झोप नाही, जगण्यावरून बोलणं सुरू झालं तर पत्र बाजूला ठेवून आधी १४४१६ ला फोन करा, ही टेलिमानस, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात.

तुमच्या भाच्याचं शेवटी काय झालं?

पत्र सोमवारी दिलं. संध्याकाळी संचालकांचा फोन आला, खूप गोड. गुरुवारी त्यांनी एका मॅडमना चौकशीला बसवलं, भाच्याशी एकट्याने बोलल्या, ते बरं झालं. पण पोलिसांना काहीच कळवलं नाही आणि सात दिवसांनी लेखी उत्तरही नाही, म्हणून आठव्या दिवशी ताई पोलिस स्टेशनला गेली. डायरीत नोंद झाली, तिन्ही घरच्यांना बोलावलं, स्टिकर सगळ्यांच्या मोबाईलमधून समोर बसून काढायला लावलं. दोघांना क्लासने पंधरा दिवस येऊ दिलं नाही, तिसऱ्याच्या वडिलांनी त्याला स्वतःच काढून घेतलं. भाचा सकाळच्या बॅचला गेला. डाउट सेशनला अजून हात वर करत नाही, चिठ्ठीवर लिहून सरांच्या टेबलावर ठेवतो, आणि नवीन सर ती चिठ्ठी कुणाची हे न सांगता फळ्यावर सोडवतात.